हार्ड डिस्कवरचे गेम, तुकडे पडलेल्या फाइली आणि डीफ्रॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विंडोजवर, फिरत्या हार्ड डिस्कवरून गेम खेळणाऱ्यांसाठी आहे. जुना लॅपटॉप, दुकानातून जुळवून घेतलेला पीसी, एसएसडी भरली म्हणून गेमसाठी ठेवलेली एक टीबीची डिस्क, यांपैकी काहीही तुमच्याकडे असेल तर पुढचे प्रश्न तुमचेच आहेत. एसएसडीबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

डीफ्रॅग केल्यावर गेम खरंच लवकर लोड होतो का?

डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे पुन्हा एकत्र सांधणं. त्याने गेम लवकर लोड कधी होतो, बहुतेकदा होत नाही. कोणत्या बाजूला जाईल हे एका आकड्यावर ठरतं: गेमच्या फाइलचा एक तुकडा सरासरी केवढा आहे. तुकडे साठ-सत्तर एमबींचे असतील, तर रात्रभर डीफ्रॅग चालवूनही सकाळी फरक जाणवणार नाही. दोन एमबींच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतील, तर लोडिंगचा वेळ अर्ध्यावर येऊ शकतो. डिस्क किती टक्के फ्रॅगमेंट झाली आहे, हा जो आकडा सगळे विचारतात, त्यावरून यातलं काहीच कळत नाही.

फाइलचे तुकडे होतात म्हणजे नेमकं काय होतं?

विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडतं तिला एनटीएफएस म्हणतात. तिच्यात डिस्कची जागा क्लस्टर नावाच्या छोट्या घरांत वाटलेली असते. साधारणपणे एक घर ४ केबीचं. ४० जीबीच्या फाइलला अशी एक कोटीच्या आसपास घरं लागतात. ती सगळी ओळीने मिळाली तर फाइल सलग. ओळीने मिळाली नाहीत तर जिथे रिकामी सापडतील तिथे विंडोज ती भरतं, आणि अमुक घरापासून इतकी घरं, मग तमुक घरापासून इतकी, अशी यादी फाइलच्या नोंदीत ठेवतं. त्या यादीतली एक ओळ म्हणजे एक तुकडा.

फाइलमधला मजकूर जसाच्या तसा असतो आणि गेमला या प्रकाराचा पत्ताही नसतो. फक्त एक तुकडा संपला की डिस्कच्या हेडला उचलून दुसऱ्या ट्रॅकवर जावं लागतं आणि हवं ते सेक्टर फिरत फिरत खाली येईपर्यंत थांबावं लागतं. सगळा वेळ या उडीत जातो.

एका उडीला किती वेळ लागतो? हिशेब करून दाखवाल?

लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची डिस्क घेऊ. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद. हवं ते सेक्टर कुठेही असू शकतं, म्हणून सरासरी अर्धा फेरा धरायचा, ५.६ मिलिसेकंद. हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जायला अशा डिस्कला सरासरी १२ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एकूण उडी झाली साधारण १८ मिलिसेकंदांची. डेस्कटॉपमधल्या ७२०० आरपीएमच्या डिस्कला हेच १३ च्या जवळपास पडतं.

आता हीच डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० एमबी देते असं धरा. म्हणजे एका उडीच्या वेळात तिने १.८ एमबी वाचून काढले असते. कळीचा आकडा हाच. तुकडा १.८ एमबींचा असेल तर जितका वेळ वाचण्यात तितकाच उडीत जातो. तुकडा त्याहून खूप मोठा असेल तर उडी नगण्य ठरते, आणि खूप लहान असेल तर वाचणं नगण्य ठरून उड्याच उरतात.

एका लेव्हलसाठी गेमला २ जीबी वाचायचे आहेत असं समजू. फाइल सलग असेल तर २० सेकंद लागतील. तुकडे ६४ एमबींचे असतील तर ३१ उड्या होतील आणि त्यांनी अर्धा सेकंद वाढेल. ते १६ एमबींचे झाले तर १२५ उड्यांचे सव्वादोन सेकंद. २ एमबींच्या तुकड्यांना हजार उड्या लागतात, म्हणजे १८ सेकंद जादा, वेळ जवळजवळ दुप्पट. आणि तुकडे २५६ केबींचे असतील तर आठ हजार उड्या, १४४ सेकंद. वीस सेकंदांचं काम पावणेतीन मिनिटांवर गेलं.

हा हिशेब जरा कडक आहे, हे मान्य. शेजारशेजारच्या तुकड्यांमध्ये हेडला फार लांब जावं लागत नाही, आणि डिस्क आपल्याकडे आलेल्या मागण्यांचा क्रम थोडाफार सोयीने लावून घेते. प्रत्यक्षात आकडे याहून कमी येतील. पण चढण अशीच आहे: १६ एमबींपर्यंत सपाट, २ एमबींच्या खाली उभा कडा.

मग विंडोजचं डीफ्रॅग ६४ एमबींच्या वरचे तुकडे सोडून का देतं?

वरच्या हिशेबामुळेच. ६४ एमबी वाचायला ६४० मिलिसेकंद आणि उडीला १८, म्हणजे नुकसान तीन टक्क्यांहूनही कमी. तेवढ्यासाठी चाळीस-पन्नास जीबीची फाइल उचलून दुसरीकडे मांडणं परवडत नाही. विंडोज व्हिस्टापासून अंगचं डीफ्रॅग ६४ एमबींहून मोठे तुकडे मोजतच नाही. बाहेरचं एखादं डीफ्रॅग सॉफ्टवेअर तीच फाइल तीनशे तुकड्यांत दाखवून लाल रंग देतं आणि विंडोज मात्र शून्य टक्के सांगतं, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. त्या लाल रंगाने घाबरून जाऊ नका.

गेमच्या फाइलींचे तुकडे पडतात तरी कसे?

नवा गेम मोकळ्या डिस्कवर टाकताना फारसे पडत नाहीत. Steam डाउनलोड सुरू करण्याआधी जागा राखून ठेवतो. आधीच मोठा आकार सांगितला की एनटीएफएसला मोठी रिकामी पट्टी शोधून देता येते.

घोटाळा होतो अपडेटमध्ये. गेमची माहिती मोठमोठ्या गठ्ठा फाइलींत असते, त्या पाच-दहापासून चाळीस जीबींपर्यंतही जातात. अपडेट येतं तेव्हा बदललेल्या फाइलीची नवी आवृत्ती बाजूला जुळवली जाते आणि काम झालं की जुनी पुसली जाते. म्हणजे अपडेट दिसायला ८०० एमबींचं असलं तरी १२ जीबीची फाइल नव्याने लिहिली जाऊ शकते, आणि तिला १२ जीबी रिकामी जागा लागते. ९३१ जीबीच्या डिस्कवर ३० जीबीच शिल्लक असतील आणि तीही फोटो, जुने सेटअप, पुसलेले पिक्चर यांच्या मधल्या फटींत विखुरलेली असेल, तर नवी फाइल त्या फटींतच बसते. चार-सहा महिने दर आठवड्याला असं होत राहिलं की तुकडे बारीक होत जातात.

म्हणून डिस्क किती भरली आहे याला, डीफ्रॅग कधी केलं होतं यापेक्षा जास्त महत्त्व आहे. पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी राहिली तर बहुतेकांना हा त्रास होतच नाही.

आणखी एक कारण क्वचितच कुणाच्या लक्षात येतं. जागा वाचवण्यासाठी काही जण गेमच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन `Compress contents to save disk space` वर टिक करतात. एनटीएफएस तेव्हा फाइल ६४ केबींच्या हप्त्यांत दाबतं, आणि मोठी फाइल अशी दाबली की तुकड्यांची संख्या हजारोंनी वाढते. ती टिक काढून टाका, मग बाकीचं बघा.

माझ्या गेमचे तुकडे मी कसे मोजू?

विंडोजचा अहवाल आधी बघा. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि गेम `D:` वर असेल तर हे लिहा:

```
defrag D: /A /V
```

यात काहीही हलवलं जात नाही, फक्त तपासणी होते. अहवालात टक्क्यांऐवजी दोन ओळी वाचा. `Largest free space size` म्हणजे सर्वात मोठी सलग रिकामी पट्टी. ती तुमच्या गेमच्या सर्वात मोठ्या फाइलीपेक्षा लहान असेल तर पुढच्या अपडेटला ती फाइल तुटणार हे नक्की. दुसरी ओळ `Total file fragments`. ही अख्ख्या डिस्कची गोळाबेरीज असल्याने तिच्यावरून गेमबद्दल काही ठरवू नका. ब्राउझरच्या कॅशमधल्या बारीकसारीक फाइलींचे तुकडे ती संख्या फुगवतात, आणि गेमच्या लोडिंगशी त्यांचा काही संबंध नसतो.

खरा आकडा हवा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं काँटिग हे छोटं, फुकट साधन उतरवून घ्या. ज्या फोल्डरमध्ये ते ठेवलं तिथून:

```
contig -a -s "D:\SteamLibrary\steamapps\common\*.*"
```

प्रत्येक फाइल किती तुकड्यांत आहे ते येतं. यादी लांबलचक असते. त्यातल्या फक्त मोठ्या फाइली निवडा आणि फाइलीचा आकार भागिले तुकडे असा भागाकार करा. ३८ जीबीची फाइल ४१२ तुकड्यांत असेल तर एक तुकडा सरासरी ९२ एमबींचा. संख्या भीतीदायक आहे, पण करण्यासारखं काही नाही. ६ जीबीची फाइल ५२०० तुकड्यांत असेल तर तुकडा सव्वा एमबीचाही नाही. इथे डीफ्रॅगचा फायदा दिसेल.

सरासरी कधी फसवतेही. फाइलचा नव्वद टक्के भाग दोन मोठ्या तुकड्यांत आणि उरलेल्या दहा टक्क्यांचा नुसता भुगा, असं असू शकतं. शंका आली तर विंडोज १० किंवा ११ वर `fsutil file queryextents` आणि पुढे फाइलीचा पूर्ण पत्ता असं लिहा. प्रत्येक तुकडा कुठून सुरू होतो आणि किती क्लस्टरचा आहे, त्याची ओळ न् ओळ मिळते.

तुकडे मोठे आहेत, डीफ्रॅगही झालं, तरी लोडिंग दोन मिनिटांचं. असं का?

कारण डीफ्रॅगला फाइल कुठे ठेवायची तेवढं ठरवता येतं. फाइलच्या पोटात काय कुठे आहे ते गेम बनवणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. तुमच्या लेव्हलला लागणारा आवाज गठ्ठ्याच्या सुरुवातीला, झाडांचे पोत मध्यावर आणि शत्रूंची मॉडेलं शेवटी असतील, तर फाइल एकसंध असूनही हेड उड्या मारणारच. अशा दीड हजार उड्या असतील तर १८ मिलिसेकंदांप्रमाणे २७ सेकंद गेले. त्यातला एकही सेकंद डीफ्रॅग वाचवू शकत नाही.

गेम बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. त्यावरचा त्यांचा जुना उपाय म्हणजे तीच वस्तू गठ्ठ्यांत अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवणं, म्हणजे ज्या भागात ती लागेल तिथे ती शेजारीच सापडते. सोनीच्या मार्क सर्नी यांनी २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची ओळख करून देताना स्पायडरमॅन गेमचं उदाहरण दिलं होतं. रस्त्यावरच्या पत्रपेटीसारख्या काही वस्तू त्या गेमच्या डिस्कवर चारशे वेळा साठवलेल्या होत्या.

हेलडायव्हर्स २ ची गोष्ट यापुढची आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पीसीवर हा गेम १५० जीबींच्या वर गेला होता, कन्सोलवर मात्र ३५ जीबींच्या आसपास होता. फरक मुख्यतः याच दुहेरी-तिहेरी प्रतींचा, आणि त्या ठेवल्या होत्या हार्ड डिस्कवाल्यांसाठी. प्रती काढल्या तर हार्ड डिस्कवर लोडिंग कितीतरी पटींनी वाढेल, असा बनवणाऱ्यांचा अंदाज होता. डिसेंबर २०२५ मध्ये गेम बनवणारी अॅरोहेड आणि तिच्या मदतीला आलेली निक्सेस या कंपन्यांनी मिळून प्रती काढलेली आवृत्ती आणली. गेम २३ जीबींवर आला, आणि हार्ड डिस्कवर लोडिंग वाढलं ते जेमतेम काही सेकंदांनी. कारण त्या गेममध्ये बहुतेक वेळ मोहिमेचा नकाशा तयार करण्यात जातो. ते काम प्रोसेसरचं, आणि डिस्क वाचण्याचं काम त्याच्या जोडीने चालू असतं. बनवणाऱ्यांचाच अंदाज इतका चुकू शकतो, तर नुसतं डिस्कचं चित्र बघून आपण ठोकताळे बांधू नयेत.

ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइनचा किस्सा तर बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. वर्षानुवर्षं लोक त्याच्या सहा-सहा मिनिटांच्या लोडिंगसाठी डिस्कला दोष देत होते. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने गेम आतून तपासला तेव्हा दिसलं की विकत घेण्याच्या वस्तूंची १० एमबींची एक यादी प्रोसेसरचा एकच कोर अत्यंत अडाणी पद्धतीने वाचत बसलेला असतो. त्याने केलेल्या दुरुस्तीने त्याच्या पीसीवरचा वेळ दोन मिनिटांच्या आत आला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये रॉकस्टारने ती दुरुस्ती सगळ्यांना दिली. त्या सहा मिनिटांवर कुठल्याच डीफ्रॅगचा परिणाम झाला नसता.

नव्या गेमचं पहिलं लोडिंग किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलल्यानंतरचं पहिलं लोडिंग लांबतं तेही शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला चित्र काढायला लागणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असल्यामुळे. एकदा तयार झाले की पुढच्या वेळी ते थांबतं.

अडकतंय ते डिस्कमुळे की प्रोसेसरमुळे, हे घरी ओळखता येईल?

येईल, आणि डीफ्रॅगला हात लावण्याआधी हेच करा. टास्क मॅनेजरमध्ये `Performance` खाली डिस्कचं पान उघडा, गेम खिडकीत चालवा आणि लोडिंग सुरू असताना `Active time` आणि `Read speed` या दोन आकड्यांवर नजर ठेवा.

डिस्क शंभर टक्के गुंतलेली आहे आणि वेग ८०-१०० एमबींच्या घरात आहे, तर डिस्क आपलं काम पूर्ण ताकदीने करते आहे. तुकड्यांचा दोष नाही, वाचायचंच खूप आहे. डिस्क शंभर टक्के गुंतलेली आहे पण वेग दोन-पाच एमबींवर रेंगाळतोय, तर हेड उड्या मारत आहे. त्या उड्या तुकड्यांमुळे आहेत, गठ्ठ्याच्या रचनेमुळे आहेत की मागे अँटिव्हायरस किंवा विंडोज अपडेट त्याच डिस्कवर घुसल्यामुळे आहेत, ते काँटिगचा आकडा आणि रिसोर्स मॉनिटर (`resmon`) मधली डिस्कची यादी मिळून सांगतील. आणि डिस्क वीस-तीस टक्क्यांवर आळसावलेली असताना प्रोसेसरचा एक कोर भरलेला दिसला, तर डिस्कचा विषय तिथेच संपला.

गेम `C:` वर ठेवावा की `D:`, `E:` वर? त्याने फरक पडतो का?

एकाच हार्ड डिस्कचे भाग असतील तर पडतो, आणि अनेकदा डीफ्रॅगपेक्षा जास्त पडतो. तबकडीच्या बाहेरच्या कडेचा ट्रॅक लांब असतो, त्यावर सेक्टर जास्त मावतात, आणि फेऱ्याला वेळ तितकाच लागतो. त्यामुळे बाहेरच्या कडेवर वाचनाचा वेग आतल्या कडेच्या साधारण दुप्पट असतो. पत्ते बाहेरून आत मोजले जातात, म्हणून पहिलं पार्टिशन बाहेर आणि शेवटचं आत पडतं.

आपल्याकडे दुकानदार पीसी देताना एका डिस्कचे तीन-चार भाग करून देत: `C:` शंभर-दीडशे जीबीचा आणि पुढे `D:`, `E:`, `F:`. विंडोज हलकं राहावं म्हणून लोक गेम `F:` वर टाकतात. म्हणजे सर्वात मोठं वाचन डिस्कच्या सर्वात संथ पट्ट्यात. वरच्या उदाहरणातले २ जीबी बाहेर २० सेकंदांत येत असतील तर तिथे ३५-४० सेकंद घेतील, एकही तुकडा नसताना. शिवाय विंडोज `C:` वर काही वाचत असेल तर हेडला बाहेरून आत अशी पूर्ण रुंदीची फेरी मारावी लागते. एकच डिस्क असेल तर गेम पहिल्या किंवा दुसऱ्या पार्टिशनवर आणा आणि फोटो, पिक्चर, बॅकअप शेवटी ढकला. दोन स्वतंत्र डिस्क असतील तर विंडोज एकीवर आणि गेम दुसरीवर ठेवणं सर्वात चांगलं.

याच संदर्भात एक सावधगिरी. डीफ्रॅगलर या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या फाइली डिस्कच्या शेवटी नेऊन ठेवण्याची सोय आहे. क्वचित उघडणाऱ्या पिक्चरसाठी ती चांगली आहे. गेमचे गठ्ठेही मोठेच असतात, तेही सरळ आतल्या संथ कडेला जाऊन बसतात. ती सोय बंद ठेवा, निदान गेमच्या फाइली तरी वगळा.

डीफ्रॅग करायचंच ठरवलं तर कोणत्या क्रमाने करावं?

आधी जागा करा. नको असलेले गेम आणि सेटअप पुसून डिस्कचा पाचवा हिस्सा तरी मोकळा होऊ द्या. भरलेल्या डिस्कवर डीफ्रॅगला तुकडे सरकवायलाच जागा नसते, ते तासन्‌तास घासत बसतं आणि निम्मंच काम करतं. मग रिकाम्या फटी एकत्र करा:

```
defrag D: /X /U
```

त्यानंतर अख्ख्या डिस्कऐवजी फक्त तुटलेली मोठी फाइल घ्या. काँटिगला `-a` शिवाय फाइलीचं नाव दिलं की ते तेवढीच फाइल सांधतं. पुरेशी सलग पट्टी नसेल तर ती पूर्ण जुळणार नाही, म्हणूनच जागा आधी.

दुसरी डिस्क हाताशी असेल तर याहून सोपा मार्ग आहे. Steam च्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये `Installed Files` खाली गेमचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतं. गेम तिकडे न्या, मूळ डिस्कवर झालेली मोकळी जागा वरच्या कमांडने एकत्र करा आणि गेम परत आणा. मोठ्या पट्टीत नव्याने लिहिलेली फाइल जवळजवळ सलग बसते. ६० जीबीच्या गेमला एका फेरीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तुकडे फार बारीक असतील तर जाताना जास्त.

फरक पडला की नाही हे कसं मोजू?

इथे बहुतेकांची फसगत होते. गेम एकदा लोड केला की विंडोज त्याच्या वाचलेल्या फाइली रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवतं, आणि दुसऱ्यांदा तोच गेम रॅममधून उघडतो. सकाळी घड्याळ लावलं, डीफ्रॅग केलं, गेम एकदा उघडून पाहिला, मग पुन्हा उघडताना घड्याळ लावलं, तर डीफ्रॅगने काहीही केलं नसतानाही वेळ निम्मा दिसेल.

म्हणून प्रत्येक मोजणीआधी पीसी `Restart` करा. डेस्कटॉप आल्यावर डिस्कची धावपळ शांत होईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबा. तोच सेव्ह, तीच लेव्हल उघडा, आणि डीफ्रॅगच्या आधी तीनदा, नंतर तीनदा मोजून मधला आकडा धरा. दोन्ही मधल्या आकड्यांतला फरक त्या तीन मोजण्यांच्या आपसातल्या फरकापेक्षा मोठा असेल तरच तो डीफ्रॅगचा माना.

डीफ्रॅग चालू असताना लाइट गेली तर गेम खराब होईल का?

सहसा नाही. विंडोज तुकड्याची प्रत नव्या जागी लिहून झाल्यावर मगच नोंद बदलतं, आणि त्या बदलाची लॉगमध्येही नोंद होते. मध्येच वीज गेली तर फाइल जुन्या पत्त्यावर सापडते. तरी भारनियमन असलेल्या भागात डेस्कटॉपवर हे काम यूपीएसशिवाय करू नका, कारण अचानक वीज जाण्याचा त्रास खुद्द डिस्कला होतो.

खरी भीती आजारी डिस्कची आहे. गेम ठरावीक जागीच अडतो, डिस्कमधून टकटक ऐकू येते, `Average response time` मध्येच हजारो मिलिसेकंदांवर उसळतो, अशी लक्षणं असतील तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून `Current Pending Sector Count` आणि `Reallocated Sectors Count` बघा. तिथे शून्याऐवजी काही असेल आणि शेरा `Caution` असेल तर डीफ्रॅग अजिबात करू नका. शेकडो जीबी वाचून पुन्हा लिहिण्याचा ताण अशा डिस्कला सोसत नाही. आधी फोटो आणि गेमचे सेव्ह बाहेर काढा.

माझ्या २ टीबीच्या डिस्कवर डीफ्रॅग दोन दिवस चाललं. हे बरोबर आहे?

ती बहुधा एसएमआर प्रकारची डिस्क असावी. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधला एक ट्रॅक बदलायचा तर पुढचा पट्टाच पुन्हा लिहावा लागतो. वाचताना काही वाटत नाही, पण सतत लिहिणं सुरू झालं की वेग कोसळतो. अडीच इंची २ टीबीच्या अनेक डिस्क याच प्रकारच्या आहेत. मॉडेल नंबरवरून निर्मात्याच्या संकेतस्थळावर खात्री करता येते. अशा डिस्कवर पूर्ण डीफ्रॅग टाळा. फाइल दुसरीकडे हलवून परत आणणं तिला त्यामानाने सुसह्य आहे, कारण ते लेखन एका ओळीत होतं.

एसएसडीवर डीफ्रॅग करू का?

नको. तिथे हेड नाही, फेरा नाही, उडीचा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. तुकड्यांनी गेमला काही होत नाही आणि लेखन मात्र वाया जातं. विंडोजमधलं `Optimize` बटण एसएसडीसाठी मुख्यतः रिकाम्या जागेची माहिती तिला कळवण्याचं काम करतं, ते तसंच चालू राहू द्या.

गेमच्या गरजांमध्ये एसएसडी लिहिली आहे. हार्ड डिस्क नीट लावून चालेल का?

२०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्ड आणि बाल्डर्स गेट ३ यांनी ही अट घातली आहे. असे गेम लोडिंगच्या पडद्यावर थांबत नाहीत, चालता चालता वाचत राहतात. हार्ड डिस्कवर पोत उशिरा येतात, आवाज मागे राहतो, गेम मध्येच थबकतो. गठ्ठ्यातल्या उड्यांमुळे होणारं हे थबकणं फाइल कितीही सलग केली तरी जात नाही.

तेव्हा पैसे मोजकेच असतील तर अख्खी लायब्ररी हलवण्याच्या मागे लागू नका. २५० किंवा ५०० जीबीची साटा एसएसडी घ्या. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर एसएसडी मूळ डिस्कच्या जागी बसवा आणि हार्ड डिस्क कॅडी नावाच्या चौकटीत घालून डीव्हीडीच्या खाचेत ठेवा. एसएसडीवर विंडोज आणि सध्या खेळत असलेले एक-दोन मोठे गेम राहतील. लेव्हल एकदाच लोड करणारे जुने गेम हार्ड डिस्कवर बिनधास्त ठेवा, फक्त तिच्यावर पाचवा हिस्सा मोकळा राहू द्या.